मदत हवी आहे: शिफ्टला वेळेवर पोहोचणार नाही, असा मेसेज सुपरवायझरला कसा लिहावा?

सकाळपाळी: मी मशीन ऑपरेटर आहे. पहिली पाळी सकाळी ७ ला सुरू होते. काल ६.२५ ला वाटेत गाडी बंद पडली. ६.५० ला सुपरवायझरना मेसेज टाकला: "सर, थोडा उशीर होईल, गाडीचा प्रॉब्लेम आहे. सॉरी." मशीनवर पोहोचलो ७.५० ला. रात्रपाळीचा ऑपरेटर तोवर ताटकळत उभा होता. सुपरवायझर एवढंच म्हणाले, "हा मेसेज वाचून मी काय करायचं होतं?" मला उत्तर सुचलं नाही. कळवलं तर होतं ना? मग चुकलं कुठे?

निळीशाई: साधा अर्ज करा. "घरगुती अडचणीमुळे आज अर्ध्या दिवसाची रजा मिळावी, ही विनंती." मी दर वेळी असंच लिहिते, मंजूर होते.

सकाळपाळी: ताई, रजा नको होती. कामावर येणारच होतो, फक्त उशिरा.

चौथाडबा: पुरावा ठेवा. मेसेज ग्रुपवर टाका, म्हणजे "कळवलं नाही" असं कुणी म्हणणार नाही. बंद गाडीचा फोटोही जोडा. कारण नीट सांगितलं की माणूस समजून घेतो.

जुनाशिफ्टइनचार्ज: लेखी असावं, हे बरोबर. पण शिफ्ट बदलायच्या वेळी ग्रुपवर मेसेजांची रांग लागलेली असते, त्यात तुमचा मेसेज खाली जातो. मी बरीच वर्षं पाळ्या लावल्या आहेत. पावणेसातला माझ्या डोक्यात एकच प्रश्न असायचा, सातला या मशीनवर कोण? त्या वेळी गाडीचा फोटो माझ्या काही कामाचा नसे.

"थोडा उशीर" म्हणजे वीस मिनिटं असतील तर रात्रीच्या माणसाला थांबवतो. तासभर असेल तर दुसऱ्या मशीनवरचा माणूस हलवतो किंवा रात्रीच्याला ओव्हरटाइम विचारतो. तीन तास असतील तर त्या दिवसाचं कामच वेगळं लावावं लागतं. तुमच्या मेसेजमधून यातलं काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी काहीच केलं नाही आणि रात्रीचा माणूस अडकला. त्याला चार्ज दिल्याशिवाय निघता येत नाही.

आता एक सांगा, ६.२५ ते ६.५० तुम्ही काय करत होतात?

सकाळपाळी: प्लग काढून पुसत होतो. दोनदा गाडी सुरू झाल्यासारखी वाटली. सुरू झाली असती तर कळवायची वेळच आली नसती.

जुनाशिफ्टइनचार्ज: तीच पंचवीस मिनिटं सुपरवायझरना हवी होती. ६.२५ ला रात्रपाळीची सगळी माणसं जागेवर असतात, कुणाला तरी विचारता येतं. ६.५० ला अर्धे लोक हात धुवायला गेलेले असतात. गाडी सुरू होईल की नाही हे ठरायची वाट पाहू नका. आधी कळवा, मग प्लग काढा.

रुग्णसेवा२४: मी रुग्णांची देखभाल करते. आमच्यात आधी फोन, मग मेसेज. शिफ्टला तासापेक्षा कमी वेळ उरला असेल तर नुसत्या मेसेजवर मी कधीच विसंबत नाही. एकदा मॅडमचा फोन चार्जिंगला होता, मेसेज पाहिलाच नाही आणि आजींची सकाळची गोळी उशिरा दिली गेली. अजून चुटपुट लागते.

सकाळपाळी: असं लिहिलं तर?

"सर, गाडी बंद पडल्यामुळे आज ७ ला पोहोचू शकत नाही. ७.३० पर्यंत येतो."

जुनाशिफ्टइनचार्ज: पुष्कळ सुधारलं. पण ७.३० म्हणजे गेटवर की मशीनवर? पंचिंग, कपडे बदलणं, बूट यात दहा-पंधरा मिनिटं जातात. मशीनवरची वेळ लिहा आणि ती थोडी पुढचीच धरा. आठ सांगून पावणेआठला आलात तर कुणाचं काही अडत नाही. साडेसात सांगून ७.५० ला आलात तर दोनदा जुळवाजुळव करावी लागते. मी असा लिहिला असता:

"सर, गाडी बंद पडली आहे. आज ७ ला चार्ज घेऊ शकत नाही. ८ पर्यंत मशीनवर असेन. ७ वाजता पुन्हा कळवतो. फोनही करून पाहिला."

शेवटचं वाक्य फोन उचलला गेला नसेल तरच. आणि ७ ला खरंच कळवायचं, वेळ बदलली नसली तरीही. माफी समोर भेटल्यावर मागा.

चौथाडबा: कारण इतकं थोडक्यात? आमचे साहेब लगेच विचारतात, "म्हणजे काय झालं?"

जुनाशिफ्टइनचार्ज: विचारलं तर सांगायचं. महिन्यातून तिसऱ्यांदा असेल तर मात्र मेसेजने भागणार नाही, समोर बसून बोलावं लागेल.

सकाळपाळी: रात्रपाळीवाल्यालाही मी थेट कळवावं का? त्याचा नंबर आहे माझ्याकडे.

रुग्णसेवा२४: जरूर. अडकून तोच पडतो.

जुनाशिफ्टइनचार्ज: मला हे पटत नाही. तुम्ही दोघं आपसात ठरवता आणि सुपरवायझरना शेवटी कळतं. आधी त्यांना, मग त्याला.

रुग्णसेवा२४: त्यांनी फोनच उचलला नाही तर तो तिकडे उभाच राहणार ना?

सकाळपाळी: आज त्याला भेटून विचारतो, त्याला काय बरं पडेल ते. काल त्याची घरी जायची गाडी चुकली, हे मला आत्ता कळलं.