अनुभव धागा : धंदा बंद केला, तेव्हा...

धंदा सुरू केल्याच्या गोष्टी आपल्याकडे हौसेने सांगतात. उद्घाटनाच्या नारळाचा फोटो असतो, शटर शेवटचं ओढल्याचा नसतो. कोकणात छोटा उद्योग काढून तो बंद करावा लागलेल्यांनी इथे लिहावं. किती पैसे गेले, घरी-वाडीत काय झालं, बंद करताना काय कळलं, जे सांगवेल ते. सुरुवात मी करते.

आमसूल_वहिनी

रत्नागिरी तालुक्यात आमचं आंबारस कॅनिंगचं छोटं युनिट होतं. पीएमईजीपी या सरकारी योजनेतून दहा लाखांचा प्रकल्प. ग्रामीण भागातली महिला उद्योजक म्हणून ३५ टक्के अनुदान, आमचे पाच टक्के, बाकी बँकेचं कर्ज. पल्पर, सीमर, वाफेची किटली आणि भाड्याची शेड.

पहिल्या हंगामात ३,००० डबे केले आणि दिवाळीपर्यंत सगळे संपले. आम्ही हवेत. ते घेतले कोणी, तर माझ्या माहेरच्यांनी, ह्यांच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांनी, दादर-पार्ल्याच्या ओळखीच्यांनी. रोख पैसे आणि वर कौतुक. पण नातेवाईक दर वर्षी दुप्पट होत नाहीत.

दुसऱ्या वर्षी ६,००० करायचे ठरले. हापूसचा दोन किलोला साधारण एक किलो रस निघतो, म्हणजे ८५० ग्रॅमच्या डब्याला पावणेदोन किलो आंबा. कॅनिंगचा आंबा आम्हाला ३५ रुपयांनी पडला, म्हणजे साठ रुपये फळाचेच. रिकामा डबा, लेबल, गॅस, वीज, बायकांची मजुरी, खोका, टेम्पो धरून डबा ११२ रुपयांना तयार व्हायचा. दुकानदाराला १५० ला द्यायचा. कागदावर ३८ रुपये सुटत होते.

हे ११२ रुपये मे महिन्यातच रोख मोजावे लागतात. आंबेवाला थांबत नाही, डबेवाला तर आगाऊ घेतो. आणि १५० येतात वर्षभर, तुकड्या-तुकड्याने, उधारीवर. प्रकल्पातलं खेळतं भांडवल पहिल्याच वर्षी दुरुस्त्यांत गेलं होतं. मग आमची चार लाखांची एफडी मोडली. दीड लाख धाकट्या दिरांनी दिले, न मागता. बाकीचे विक्रीतले.

गणपतीच्या सुमारास डबे फुगायला लागले. झाकणावर अंगठा दाबला की टक् करून आत जायचं आणि पुन्हा वर यायचं. आधी वाटलं, आंबा जास्त पिकलेला गेला असेल. एका जाणत्या माणसाने फुगलेला डबा कानशीने कडेला कापून दाखवला. झाकणाची कड डब्याच्या कडेत नीट अडकलीच नव्हती, सीमरचा दुसरा रोलर किंचित सैल होता. भरताना सगळे डबे सारखेच दिसतात. उकळून काढले की थंड होताना त्या फटीतून पाणी आत ओढलं जातं आणि मग आत आंबतं. दर तासाला एक डबा फोडून कड तपासायची असते, हे मशीन देणाऱ्याने सांगितलं नव्हतं. तीनशेच्या वर डबे शेडच्या मागे खड्ड्यात गेले. रात्री पुरले, वाडीतल्यांना दिसू नयेत म्हणून.

पण त्याने धंदा बुडाला नाही, बुडाला तो तारखेने. लेबलवर १२ महिने. फेब्रुवारी उजाडला की दुकानदार म्हणतो, वहिनी, आता नवा आंबा येतोय, जुना माल नको. डबा चांगला आहे, रस चांगला आहे, तारीखही गेलेली नाही, तरी माल मेलेला. मार्चमध्ये राहिलेले २,००० डबे एका मिठाईवाल्याला ७० रुपयांनी दिले, म्हणजे डब्यामागे ४२ रुपये खड्ड्यात, एकूण ८४ हजार. उधारीतले पावणेदोन लाख आजही कुठे कुठे आहेत. दोन दुकानदार फोनच उचलत नाहीत.

तेव्हाच थांबावं असं मला वाटत होतं. पण अनुदानाचे साडेतीन लाख बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवलेले असतात. युनिट त्याआधी बंद पडलं तर ते परत जातात, मग ते कर्जही आपल्याच डोक्यावर. आम्ही हिशोब मांडला. वर्षाचं शेडभाडं ४८ हजार, व्याज साधारण ६५ हजार, वीज आणि किरकोळ १५ हजार, मिळून सव्वा लाखाच्या आसपास. साडेतीन लाखांपुढे ते परवडत होतं. म्हणून तिसऱ्या वर्षी आंबा घेतलाच नाही. रातांबे घेऊन फक्त आगळ काढलं. मीठ, बरण्या आणि दोन बायका. युनिट चालू राहिलं, तपासणी झाली, अनुदान कर्जात वळतं झालं आणि मग शटर ओढलं.

ते वर्ष सगळ्यात वाईट गेलं. शिमग्याला, गणपतीला चाकरमानी आले की 'काय कारखानदारीण!' म्हणून हाक मारायचे आणि मी हसून आगळाची बाटली हातात द्यायचे. घरात दोघांचं बोलणं बंद. दिरांनी कधी विचारलं नाही, म्हणून त्यांच्यासमोर जास्तच जड जायचं. त्यांचे पैसे मी आता शिवणकामातून दर महिन्याला देते. ते नको म्हणतात, मी तरी देते. बरोबर करते की उगाच, मला माहीत नाही.

नवखा_बागायतदार

वहिनी, छान माहिती. मला राजापुरात पल्पर टाकायचा आहे. सीमर सेमी-ऑटो घ्यावा की हाताचा? आणि तुमचा विकायचा आहे का?

आमसूल_वहिनी

गेला तो. घेतला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. धागा पुन्हा एकदा वाचा.

सुरमई_थाळी

मी मालवणातला. तारकर्लीच्या रस्त्याला खानावळ होती. माझा हिशोब वहिनींच्या उलट, माल रोजचा रोज संपायचा, तरी बुडलो. थाळीचा दर फळ्यावर रंगवलेला आणि सुरमईचा दर रोज लिलावात ठरणार. नाताळात गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याच आठवड्यात सुरमई सोन्याच्या भावाने. फळ्यावरचा दर वाढवला की पर्यटक शेजारच्याकडे जातो. दर न वाढवता तुकडा बारीक केला, तर निघताना तोंडावर बोलतात. एक जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्रातले खेळही पावसाळ्यात बंद, पण जागामालकाचं भाडं बाराही महिने चालू.

एक गोष्ट मात्र चांगली केली. मे महिन्यातच बंद केली. त्या वेळी डीप फ्रीझरला गिऱ्हाईक असतं, सगळे बर्फाच्या मागे. ऑगस्टमध्ये तोच फ्रीझर कोणी फुकट नेला नसता. आवशीक मात्र पटला नाय. रोज विचारायची, "कित्याक बंद केलंस? चलत होता मा?" बाहेरून चालत होतीच की. रांग लागायची.

आता कणकवलीत एका हॉटेलात किचन सांभाळतो. पगार वेळेवर येतो. ओळखीचं कोणी जेवायला आलं तर अजून बाहेर जात नाही.

खाडीकाठचा

जीएसटीचं कोणी लिहिलं नाही. माझं इलेक्ट्रिकलचं दुकान बंद केलं तेव्हा मी काहीच केलं नाही. सहा महिने रिटर्न भरलं नाही की ते नंबर आपोआप रद्द करतात. उगाच सल्लागाराला पैसे देऊ नका.

निवृत्त_हिशोबनीस

अर्धं बरोबर आहे. नंबर ते रद्द करू शकतात, पण तोवर न भरलेल्या रिटर्नची लेट फी चढत असते आणि नंबर गेला म्हणून ती जात नाही. शून्य विक्री असली तरी रिटर्न भरायचंच असतं. आपण होऊन रद्द करण्याचा अर्ज द्यावा आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, GSTR-10, भरावं. लोक हेच विसरतात. दुकानात उरलेल्या मालावर आधी घेतलेलं क्रेडिट त्यात परत करावं लागतं. तुमच्या दुकानात बंद करताना माल होता का? असेल तर कागद एकदा कोणाला तरी दाखवा.

वहिनींसारख्यांना खरं तर नंबरची सक्ती नव्हती. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा सूट असते. पण मुंबईचा दुकानदार नंबराशिवाय बिल घेत नाही, म्हणून हे लोक घेतात आणि घेतला की पाळावा लागतो.

आणखी एक. वीज मीटर. शटर ओढलं म्हणून बिल थांबत नाही, व्यापारी जोडणीचा स्थिर आकार येतच राहतो. मीटर कायमचा काढून घ्या असा लेखी अर्ज द्यायचा आणि अनामत रक्कम शेवटच्या बिलातून वळती करून घ्यायची. जागामालकाच्या नावावर मीटर असेल तर त्याच्याकडून सही घेऊनच जागा सोडा. नंतर सहीसाठी कोण भेटतो?

खाडीकाठचा

माल होता. भावाच्या दुकानात ठेवला. बिल नाही केलं.

निवृत्त_हिशोबनीस

हे इथे लिहू नका. फोन करा कोणाला तरी.

पूररेषा

मी चिपळूणचा, कापडाचं दुकान. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी पहाटे आलं आणि माळ्यावर ठेवलेला मालही भिजला. विमा होता. लोक म्हणतात, मग काय, विमा होता ना! माल होता आठ लाखांचा, विमा चार लाखांचा. हप्ता वाचावा म्हणून जुनाच आकडा दर वर्षी पुढे ढकलत गेलो. मला वाटलं, नुकसान झालं तर निदान चार लाख तरी मिळतील. तसं नसतं. माल निम्म्यानेच विमा केलेला, म्हणून नुकसानही निम्मंच धरलं. सहा लाखांचं नुकसान मान्य झालं, हातात तीन आले. सर्व्हेअरने मला सहीआधी नीट समजावून सांगितलं, त्याचा राग नाही.

वडिलांनी काढलेलं दुकान. मी बंद केलं तेव्हा ते बाहेर ओट्यावर बसून होते, चिखलातले तागे मोजत. कशाला मोजत होते कोणास ठाऊक.

वहिनी, एक विचारतो. तुम्ही तिसरं वर्ष अनुदानासाठी काढलंत, आकड्यांनी ते बरोबरच. पण त्या वर्षात तुम्ही दोघांनी नोकरी केली असती तर?

आमसूल_वहिनी

ह्यांनी विचारलं होतं तेव्हा. मी म्हटलं, एकाने शेडवर हजर राहायला हवं, तपासणीला कधीही येतात. दुसऱ्याने करता आली असती. आमच्यात अजून त्यावरून वाद होतो. ह्यांचं म्हणणं, नोकरीवर गेलो असतो तर लोकांना कळलं असतं. म्हणजे हिशोबातला तो आकडा आम्ही लाजेपोटी सोडला. किती होता ते मी अजून मांडलेलं नाही.

सुरमई_थाळी

मांडू नका वहिनी. आणि त्या दोन दुकानदारांची नावं मला वैयक्तिक कळवा, एक माझ्याकडे अजून जेवायला येतो की काय ते बघतो.