निर्जळ उपवास आणि नाडीचा आकडा

मूळ लेखन, कांचनमाला: हरितालिकेचा निर्जळ उपवास होता. संध्याकाळी पाच वाजता सोफ्यावर बसून घड्याळात पाहिले, तर नाडी ७२. म्हणजे शरीराला पाणी कमी पडलेले नव्हते, हे सिद्धच झाले. डॉक्टर मंडळी बायकांना उगाच घाबरवतात.

निवृत्त_परिचारिका: बसून पाहिलेल्या एका आकड्यावरून असा निष्कर्ष काढलेला वाचून मला राहवले नाही. पाणी कमी झाले की शरीर बराच वेळ ते सांभाळून घेते आणि बसल्या जागी काहीच कळत नाही. उभे राहिल्यावर रक्त पायांकडे उतरते, तेव्हा ते वर पोहोचवण्यासाठी हृदयाला वेग वाढवावा लागतो आणि खरी स्थिती तिथे उघडी पडते. म्हणून पाच मिनिटे आडवे पडावे, मनगटावर बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजून दुप्पट करावेत, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावेत.

माझ्या जावेचे सांगते. वय ५२, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, आणि ती गोळी तिने उपवासाच्या दिवशीही सकाळी कोरडीच गिळली होती. संध्याकाळी पूजेची पाने मांडताना ती भिंत धरून उभी राहिली. आडवी असताना नाडी ७८ आणि उभी राहताच ११६, म्हणजे ३८ ने जास्त. उभे राहिल्यावर ३० किंवा अधिक वाढ झाली, अथवा चक्कर येऊन उभेच राहवेना, तर तो उपवास तिथेच थांबवायचा असतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी तिला घोटाघोटाने दिले. तासाभराने हे आकडे ७६ आणि ९२ झाले.

सह्यकडा: बाई, आपण उलटेच सांगत आहात. उपवासात नाडी मंदावते. मी दर वर्षी चातुर्मासात एकभुक्त असतो आणि महिन्याभरात माझी सकाळची नाडी ६८ वरून ६० वर येते. हृदयाला विश्रांती मिळते, हे त्यामागचे कारण आहे.

निवृत्त_परिचारिका: आपला अनुभव खरा आहे. अनेक आठवडे खाणे कमी राहिले की निवांत असतानाची नाडी मंदावते. परंतु आपण पाणी पीत होतात. अन्न कमी पडणे आणि पाणी कमी पडणे या दोन गोष्टी नाडीला विरुद्ध दिशांना ओढतात, हाच माझा मुद्दा आहे.

वैद्यपुत्र: आमच्या वडिलांकडे उपाशी माणूस नाडी दाखवायला आला, तर ते त्याला परत पाठवत. भुकेल्याची नाडी चपळ आणि तृप्त झालेल्याची स्थिर असते, असे शार्ङ्गधरानेही म्हटले आहे. तहानलेल्याची, उन्हातून आलेल्याची, नुकतेच न्हालेल्याची नाडी नीट कळत नाही, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. आज ते ज्ञान घड्याळाच्या पट्ट्यात शोधले जाते.

सह्यकडा: मग सकाळी अनशेपोटी नाडी पाहावी असे का सांगतात? उपाशी चालत नाही आणि जेवूनही चालत नाही, तर पाहायची कधी?

वैद्यपुत्र: रात्री जेवून सकाळी रिकाम्या पोटी येणे वेगळे आणि दिवसभर कोरडे राहून येणे वेगळे. आपण वादासाठी वाद घालत आहात, आणि ज्या विद्येत वडिलांची चाळीस वर्षे गेली तिच्याबद्दल या सुरात बोललेले मी ऐकून घेणार नाही.

सह्यकडा: सूर कठोर झाला असेल, तो मागे घेतो. प्रश्न मागे घेत नाही.

इस्लामपूरकर: माझ्या आईची नाडी एकादशीला १२० झाली होती, तीही आडवी असताना. घाम फुटला होता, हात थरथरत होते. आम्ही पाणी पाजत बसलो.

निवृत्त_परिचारिका: आई मधुमेहाची गोळी घेत असतील, तर ते साखर उतरल्याचे लक्षण असावे. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. नुसत्या पाण्याने साखर चढत नाही.

इस्लामपूरकर: गोळी घेते. त्या दिवशीही घेतली होती. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

कांचनमाला: मी आज आडवी पडून आणि उभी राहून मोजले: ७० आणि ८४. आज मात्र मी जेवले आहे. मी नाडी आवरणारी रक्तदाबाची गोळी घेते, हे आधी लिहायला हवे होते. तरीही उपवास सोडावा, हे मला मान्य नाही.

निवृत्त_परिचारिका: ती गोळी वाढणारी नाडी दाबून धरते, त्यामुळे तुमचे ७२ काहीच सांगत नव्हते. तुम्ही आकड्यावर विसंबू नका. दुपारनंतर लघवी झाली का, गडद झाली का आणि उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे पाहा. पुढच्या वर्षी गोळीचे काय करायचे ते आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. ती मनाने अचानक बंद करू नका.

कांचनमाला: विचारीन. पाण्याचे मात्र माझे मी ठरवीन.