परतावा एक टक्का कमी, तरी तोच फंड घ्यावा का?

सांजवेळ: बाबा निवृत्त झालेत. दहा लाख एका फंडात ठेवून दर वर्षी लाखभर काढायचे आहेत. ज्याचा परतावा टक्काभर जास्त, तोच घ्यावा ना? सल्लागार दुसराच सुचवतोय.

हिशेबनीस: सल्लागाराचं ऐका. समजा, पहिला फंड पहिल्या वर्षी 30 टक्के पडला, मग 40 आणि 45 टक्के चढला. दुसरा 6 टक्के पडला, मग 15 आणि 28 टक्के चढला. हात न लावता ठेवले तर दहा लाखांचे पहिल्यात 14.21 लाख होतात, दुसऱ्यात 13.84. म्हणजे पहिला सरस. आता प्रत्येक वर्षअखेरीस एक लाख काढून बघा. पहिल्यात सात लाख उरलेले असतात, त्यातून लाख काढला की सहा, आणि पुढची सगळी चढण त्या सहावरच. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पहिल्यात 9.73 लाख, दुसऱ्यात 10.08. पडत्या भावात विकलेली युनिटं चढणीच्या वेळी आपल्याकडे नसतात.

घाटवाट: नाही पटत. माझी एसआयपी आहे, फंड पडला की मला उलट जास्त युनिटं मिळतात. चढउतार हवेतच!

हिशेबनीस: तुमच्यासाठी खरंच हवेत. हेच आकडे घेऊन दर वर्षाच्या सुरुवातीला लाख घाला: पहिल्यात 4.90 लाख, दुसऱ्यात 4.14. पण प्रश्न पैसे काढणाऱ्याचा आहे.

कोकणी माणूस: आणि पडल्यावर हप्ता चालू राहिला तर! मार्च 2020 मध्ये मी घाबरून सगळं विकलं. फंडाच्या कागदावर परतावा छान दिसतो, माझ्या खात्यात तो कधी आलाच नाही.

अबोली: मग सरळ ज्याचा शार्प रेशो, म्हणजे चढउतारांच्या मानाने मिळालेला परतावा, मोठा तो घ्यायचा. माझ्या डेट फंडाचा तर झकास आहे.

हिशेबनीस: एकाच प्रकारचे फंड शेजारी ठेवा, तरच त्या आकड्याला अर्थ. शिवाय तो फक्त झालेले चढउतार मोजतो. कमकुवत कंपन्यांना कर्ज देणारा फंड वर्षानुवर्षं संथ दिसतो, म्हणून रेशो देखणा. एप्रिल 2020 मध्ये एका फंड हाउसच्या सहा डेट योजना एकाच दिवशी बंद झाल्या, आठवतंय ना? फंडानं कोणाचे रोखे घेतलेत ते आधी वाचा.

घाटवाट: बाबांसाठी दुसरा तोडगा देतो. तीन लाख 7 टक्क्यांच्या एफडीत ठेवा आणि खर्च तिथूनच काढा. सात लाख पहिल्या फंडात. तुमच्याच आकड्यांनी शेवटी 10.41 लाख होतात, तुमच्या 10.08 पेक्षा जास्त!

हिशेबनीस: हिशेब बरोबर आहे, तोडगाही चांगला. पण माझ्या उदाहरणात फंड तीन वर्षांत सावरला म्हणून जमलं. लहान कंपन्यांच्या बीएसई स्मॉलकॅप निर्देशांकाला जानेवारी 2008 ची पातळी ओलांडायला 2017 उजाडलं. तोवर एफडी कधीच संपली असती.

सांजवेळ: पहिला फंड स्मॉलकॅपच आहे. बाबांना एफडीचा मार्ग आवडला होता. आता किती वर्षांचा खर्च बाजूला ठेवायचा?