‘समाप्ती’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालेल का?

मकरपुरा: हजेरीच्या सॉफ्टवेअरचा करार मराठीत टिपून साहेबांना द्यायचा आहे. मी ॲडमिन बघतो, वकील नाही. ‘एक्स्पायरी’ आणि ‘टर्मिनेशन’ दोन्हीला ‘समाप्ती’ लिहिलंय. मुदत ३० जून २०२६ पर्यंत. त्याआधी किमान ६० दिवस नोटीस मिळाली नाही, तर करार आपोआप आणखी एक वर्ष चालू.

करेलीबाग: एकच शब्द अजिबात नको. पहिल्याला ‘मुदत संपणे’, दुसऱ्याला ‘करार मध्येच संपवणे’ लिहा. साठ दिवसांची नोटीस फक्त पहिल्याची, म्हणजे ‘पुढे वाढवायचा नाही’ एवढंच कळवणारी. ३० जूनपासून साठ दिवस मागे मोजले की १ मे येतो, आणि त्या दिवशी गुजरात दिनाची सुट्टी. करारात ‘पाठवली’ नाही, ‘मिळाली’ असं आहे, त्यामुळे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच रवाना करा. ईमेल चालतो की रजिस्टर्ड पोस्टच लागतं, तेही नोटिशीच्या कलमात बघा.

मांजलपूर: आमचा भाडेकरूशी ११ महिन्यांचा करार असतो. मुदत संपली की नवा करतो, नोटीस कधीच दिली नाही.

करेलीबाग: तुमच्यात आपोआप वाढण्याचं कलम नसेल. यांच्यात आहे.

दांडिया बाजार: एवढं काय त्यात? वाढला तरी महिन्याची नोटीस देऊन सोडायचा. सगळ्या करारांत ती सोय असतेच.

मकरपुरा: कलम ११ पुन्हा वाचलं. समोरच्याने मोठा भंग केला आणि कळवल्यावर ३० दिवसांत सुधारला नाही, तरच सोडता येतो.

करेलीबाग: मग विनाकारण सोडायची वाट नाही. बऱ्याच करारांत ती असते, पण लिहिलेली असावी लागते. १ मे हुकला की वर्षभर अडकाल. सही व्हायची असेल तेव्हाच ‘कोणतेही कारण न देता ९० दिवसांच्या नोटिशीने’ हे घालून घ्या.

मकरपुरा: आणि ‘लायबिलिटी’ला ‘जबाबदारी’?

करेलीबाग: तिथे ‘भरपाईची कमाल मर्यादा’ लिहा, म्हणजे साहेबांचं लक्ष रकमेवर जाईल. किती आहे?

मकरपुरा: मागच्या तीन महिन्यांत दिलेली फी. महिना ४०,००० रुपये.

करेलीबाग: म्हणजे १,२०,०००. पगाराची माहिती बाहेर गेली आणि तुम्हाला पाच लाखांचा फटका बसला, तरी त्यांच्याकडून एवढेच. गोपनीयतेचा भंग या मर्यादेबाहेर ठेवलाय का, ते आधी शोधा. नसेल तर मागून घ्या.

दांडिया बाजार: आणि अडकले तर वर्षाचे ४,८०,००० भरावेच लागतील.

करेलीबाग: तसं सरळ नाही. १८७२च्या करार कायद्यात कलम ७४ आहे. भंगासाठी रक्कम ठरवलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, ठरलेल्या रकमेच्या आत. पण ते याला भंगाची भरपाई न म्हणता ‘सेवा तयार होती, फी थकली’ म्हणाले, तर काय, हे वकिलालाच विचारावं लागेल.

दांडिया बाजार: ते तर तसंच म्हणतील.