‘डू द नीडफुल’ला उत्तर काय द्यायचं?

नवाभिडू: मस्जिद बंदरला क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात लागून दोन महिने झाले. रोज मेल येतो, ‘ड्राफ्ट बीएल जोडला आहे, काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट’. बीएल म्हणजे जहाज कंपनीने द्यायची मालाची पावती, एवढं कळलं; पण नीडफुल म्हणजे नक्की काय करायचं? मी ‘नोटेड’ लिहून मोकळा होतो.

डोंबिवली_फास्ट: ‘नोटेड’ नको रे बाबा! तू ड्राफ्ट तपासलास की नुसता पाहिलास, ते समोरच्याला कळत नाही. त्या मेलमधलं नीडफुल एवढंच: आपलं इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट शेजारी ठेवून माल घेणाऱ्याचं नाव-पत्ता, कंटेनर आणि सील नंबर, नग, वजन जुळवायचं. मग मंजुरी किंवा दुरुस्ती कळवायची. ओरिजिनल बीएल निघाल्यावर चूक सापडली तर दुरुस्तीचे पैसे लागतात, वर धावपळ वेगळी. मी असाच एकदा ‘नोटेड’ लिहिलं होतं. सील नंबरातला एक आकडा चुकलेला, तसाच छापून आला.

तेव्हापासून लिहितो, ‘कंटेनर, सील, नग बरोबर. वजन १८,४५० किलो हवं, ड्राफ्टमध्ये १८,५४० आहे. दुरुस्त ड्राफ्ट आज चारपर्यंत पाठवा, तोवर ओरिजिनल काढू नये.’ यात नीडफुलही झालं, रिव्हर्टही.

शुद्धलेखनवाली: मुळात ही इंग्रजीच चूक आहे. आपल्या बाबूंनी शोधलेली. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. बंदच करा.

डोंबिवली_फास्ट: अर्धं बरोबर. ‘डू द नीडफुल’ खुद्द इंग्लंडात चालायचं. तिकडे मागे पडलं, आपल्या कचेऱ्यांत राहिलं. रिव्हर्टचं म्हणाल तर ‘उत्तर द्या’ हा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो. बाहेरच्यांना मात्र कळेलच असं नाही.

ऐरोलीचा_कोडर: नाहीच कळत. मी परदेशातल्या टीमला लिहिलं, ‘कालच्या चेंजेसवर प्लीज रिव्हर्ट’. मला अभिप्राय हवा होता. पठ्ठ्याने `git revert` मारून आमचं दोन दिवसांचं काम मागे घेतलं! तेव्हापासून ‘रिप्लाय’च लिहितो.

पेन्शनर_गिरगाव: एवढा राग कशाला? आम्ही आयुष्यभर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’ आणि ‘उलट टपाली कळवावे’ लिहिलं. वरिष्ठांना ‘हे करा’ असं सांगायचं का?

शुद्धलेखनवाली: काका, ‘उलट टपाली’त निदान लगेच कळवा हे तरी कळायचं. नीडफुलमध्ये काम समोरच्याच्या गळ्यात मारायचं, आणि चुकलं की ‘मी तर मेल केला होता’.

पेन्शनर_गिरगाव: ते खरं. पण मोघमपणात कधी कधी अदबही असते.

नवाभिडू: माझे साहेबच नुसता मेल फॉरवर्ड करून वर ‘प्लीज डू नीडफुल’ लिहितात. त्यांना कसं विचारू? दोन महिने झाले तरी कळत नाही, असं वाटेल.

डोंबिवली_फास्ट: विचारू नकोस, सांग. ‘ड्राफ्ट तपासून शिपिंग लाइनला दुरुस्ती कळवतो, फ्रेटचं बिल अकाउंट्सला देतो.’ चुकत असशील तर तेच अडवतील.

नवाभिडू: आणि त्यांनी त्यावर ‘नोटेड’ लिहिलं तर?