डेटा इंजिनिअर नक्की करतो काय, हे ऑपरेशन्स हेडला कसं सांगायचं?

कोरा कागद:
एका सुपरमार्केट साखळीत डेटा इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत आहे. पहिली फेरी ऑपरेशन्स हेडबरोबर. दुकानं चालवण्यात मुरलेला माणूस, पण सॉफ्टवेअरशी संबंध नाही. "तुम्ही नक्की करता काय?" असं विचारलं तर माझी गाडी "डेटा पाइपलाइन बनवतो" इथेच अडते. दोन मिनिटांत काय सांगावं? टूल्सची नावं घ्यावीत का?

गणूतात्या:
टूल्स अजिबात नकोत. तो रोज सकाळी जो आकडा बघतो, तिथून सुरुवात करा.

समजा 40 दुकानं आहेत. रात्री प्रत्येक दुकानाच्या बिलांची फाइल हेड ऑफिसला येते आणि सकाळी 9 ला त्याच्या मोबाइलवर कालची विक्री दिसते. आता एका दुकानाचं नेट मध्येच गेलं, तिथल्या सिस्टिमने तीच फाइल पुन्हा पाठवली. कोणी लक्ष घातलं नसेल तर त्या दुकानाची 3 लाखांची विक्री 6 लाख दिसणार. गंमत म्हणजे हे एकूण आकड्यात कळतच नाही. 1 कोटी 20 लाखांच्या जागी 1 कोटी 23 लाख, वाटतं की काल धंदा बरा झाला. पण खरेदी विभाग त्या दुकानाला दुप्पट दूध-पाव पाठवून मोकळा होतो आणि संध्याकाळी माल फेकावा लागतो.

हे सांगा आणि पुढे एकच वाक्य: "तीच फाइल दोनदा आली तरी विक्री एकदाच मोजली जाईल, आणि एखाद्या दुकानाची फाइल आलीच नाही तर ते तुम्हाला 9 च्या आधी कळेल, हे बघणं माझं काम." माल फेकणं म्हणजे काय ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

सांगलीकर 7:
एवढं कशाला? डेटा म्हणजे पाणी, आम्ही पाइप टाकणारे, नळ सोडला की पाणी, एवढं पुरतं. वर किती टेराबाइट डेटा हाताळला ते सांगायचं, मोठ्या आकड्याने समोरचा गार पडतो. आणि डबल फाइलचं म्हणाल तर त्यात विशेष काय? त्या दिवसाचा, त्या दुकानाचा जुना डेटा उडवायचा आणि नवी फाइल भरायची. कितीदाही चालवा, उत्तर तेच.

रेवा_क:
तात्यांचं उदाहरण चांगलं आहे, पण पुढचं कोणी बघत नाहीये. मुलाखत झाल्यावर हाच माणूस एचआरला शेरा लिहून देणार. त्याने फक्त "बिलं, फाइल, सकाळचा रिपोर्ट" एवढंच ऐकलं असेल तर तो लिहील, 'रिपोर्ट बनवतो'. म्हणजे तुम्ही एमआयएस एक्झिक्युटिव्हच्या खणात गेलात, आणि पगारही त्याच खणातला. जाहिरातीत एसक्यूएल, पायथन, एअरफ्लो लिहिलं असेल तर ते शब्द त्याच्या कानावर एकदा तरी पडलेच पाहिजेत. त्याला अर्थ कळायची गरज नाही, समोरच्या कागदावर टिक करता आली पाहिजे.

गणूतात्या:
एमआयएसमधला फरक टूल्सची नावं घेऊन कळत नाही. एमआयएसवाला रोज सकाळी बसून फाइल्स एकत्र करतो आणि तो रजेवर गेला की रिपोर्ट नाही. डेटा इंजिनिअर असलं काहीतरी उभं करतो की कोणी न बसता ते रोज चालतं, आणि बिघडलं तर चुकीचा आकडा पुढे न ढकलता थांबतं. एवढं बोललात तर शेऱ्यात हेच उतरेल.

तळटीप:
सांगलीकर, उडवून पुन्हा भरणं फक्त फाइलमध्ये पूर्ण दिवस असेल तरच बरोबर. आणि उडवणं-भरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवं, नाहीतर मध्येच काम पडलं तर त्या दुकानाची विक्री शून्य. आता दुकानात 820 बिलं झाली, पहिल्या फाइलमध्ये 760 आली आणि नेट आल्यावर उरलेली 60 वेगळ्या फाइलने आली असं धरा. तुम्ही आधीचं उडवलंत, हातात राहिली 60. डबलपेक्षा हे वाईट.

म्हणून ओळख दिवसाने नाही, बिलाने ठेवायची. तेच बिल पुन्हा आलं तर जुन्यावर लिहायचं, नवं असेल तर वाढवायचं. नुसता बिल नंबरही पुरत नाही. जीएसटीच्या नियमात बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षापुरता वेगळा असला की चालतो, त्यामुळे अनेक ठिकाणी 1 एप्रिलला मोजणी पुन्हा 1 पासून सुरू होते. वर्ष धरलं नाही तर एप्रिलची बिलं गेल्या वर्षीच्या बिलांवर बसतात आणि जुनी विक्री गुपचूप बदलते. पोस्टग्रेसमध्ये साधारण असं:

```sql
INSERT INTO bills (store_id, fin_year, bill_no, amount)
SELECT store_id, fin_year, bill_no, amount
FROM staging
ON CONFLICT (store_id, fin_year, bill_no)
DO UPDATE SET amount = EXCLUDED.amount;
```

या तीन कॉलमांवर मिळून युनिक इंडेक्स हवा. एकाच फाइलमध्ये तेच बिल दोनदा असेल तर ही क्वेरी एरर देऊन थांबते, म्हणून staging मध्ये, म्हणजे फाइल आधी जिथे उतरते त्या टेबलात, प्रत्येक बिल एकदाच राहील असं आधी बघा. काउंटरनिहाय मालिका असेल तर काउंटरही जोडा.

हे साहेबांसमोर काढू नका. त्यांना इतकंच सांगा की दुकानाच्या दिवसअखेरच्या रिपोर्टमध्ये 820 बिलं आहेत, आपल्याकडेही 820 च आहेत, हे रोज दुकानागणिक जुळवलं जातं. जमा-खर्च जुळवलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

आणि पाइपची उपमा इथेच फसते. नळातून तेच पाणी दोनदा येत नाही, फाइल येते.

मोगरा:
मी पॉवर बीआयमध्ये डॅशबोर्ड बनवते, एसक्यूएल बऱ्यापैकी येतं. मी अशा जागेसाठी अर्ज केला तर चालेल का? पगारात किती फरक पडतो?

रेवा_क:
मोगरा, इथे विषय वेगळा आहे, पगाराचं स्वतंत्र विचारा. पण वरचं 760 अधिक 60 चं कोडं तुम्ही कोणत्या क्रमाने सोडवाल ते लिहून बघा. डॅशबोर्डवर फिल्टर लावायचं सुचलं तर अजून वेळ आहे.

सांगलीकर 7:
अर्ध्या फाइलचं मान्य. पण टेराबाइटचं मी सोडत नाही, मोठं काम केलंय हे कळायला काहीतरी माप लागतंच.

तळटीप:
माप द्या, पण त्याच्या ओळखीचं. 40 दुकानं, रोजची साधारण 30 हजार बिलं, सकाळी 9 ची वेळ. खरं तर एवढा डेटा एका साध्या सर्व्हरवर आरामात मावतो, तिथे टेराबाइट म्हणालात तर पुढच्या फेरीत टेक्निकल माणूस पकडेल.

रेवाचा मुद्दा मी अर्धा घेईन. शेवटी एक वाक्य टाका: "हे मी एसक्यूएल आणि पायथनमध्ये करतो, रात्रीचं वेळापत्रक एअरफ्लोवर असतं." मग लगेच त्यालाच विचारा, "एका दुकानाची फाइल राहिली तर तुम्हाला 9 ला 39 दुकानांचा आकडा चालेल, की साडेनऊला 40 चा हवा?" हा निर्णय धंद्याचा आहे, आपला नाही, आणि तो ठरल्याशिवाय हे काम नीट बांधताच येत नाही.

गणूतात्या:
यात विचारायचं काय? अर्धवट आकडा द्यायचाच नाही.

तळटीप:
तात्या, ज्या दिवशी गोडाऊनमधून गाडी सव्वानऊला सुटते त्या दिवशी 39 दुकानांचा आकडा, वर "1 बाकी" असं लिहून, जास्त कामाचा. गाडी कधी सुटते ते त्यालाच ठाऊक.

रेवा_क:
विचारायला हरकत नाही, पण पहिल्या दोन मिनिटांत नको. आधी त्याला बोलू द्या.

कोरा कागद:
820 बिलांचं घेतो. एअरफ्लोचं वाक्य ठेवायचं की नाही ते जाहिरात पुन्हा वाचून ठरवतो.