सेकंडहॅण्ड फोन विकताना ‘कंडिशन’मध्ये तुम्ही काय लिहिलंत?

खिडकीतली_मांजर
गेल्या महिन्यात माझा आयफोन १३ विकायला काढला. जानेवारी २०२२ला घेतलेला, पहिल्या दिवसापासून टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर. जाहिरातीत बिनधास्त लिहिलं, ‘एकदम नव्यासारखा, एकही स्क्रॅच नाही’. बघायला आलेल्या मुलाने शांतपणे नखाने ग्लास सोलली आणि फोन बंद करून ट्यूबलाइटखाली तिरका धरला. वरच्या कोपऱ्यातून दीड इंचाची रेघ! मला खरंच माहीत नव्हती. तो म्हणाला, "ताई, रेघेचं काही नाही हो, पण आता तुमची बाकीची वाक्यं पण तपासावी लागतील." तीन हजार कमी सांगून निघून गेला.

मग जाहिरात नव्याने लिहिली: ‘स्क्रीनवर वर उजवीकडे दीड इंचाची बारीक रेघ, स्क्रीन चालू असताना दिसत नाही. खाली डाव्या कडेला अॅल्युमिनियमवर तांदळाएवढा पोचा. बॅटरी हेल्थ ८४, मूळचीच बॅटरी. खोका आणि केबल आहे, अडॅप्टर नाही.’ तुमचे अनुभव लिहा, विकणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचेही.

सोल्डरगन
डोंबिवलीत नऊ वर्षं रिपेअरिंग केलंय. रेघ कशी आहे ते लिहायचं असेल तर नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर नुसती केसरेघ. अडकलं तर खोल, आणि तसं स्पष्ट लिहा, कारण तिथून काच पुढे तडकू शकते. फोटो ग्लास काढूनच, स्क्रीन बंद ठेवून, एका बाजूने प्रकाश टाकून काढा. समोरून फ्लॅश मारला की सगळे फोन नवेच दिसतात. कॅमेऱ्याच्या काचेचं बहुतेक जण विसरतात. रात्री दिव्याकडे धरून एक फोटो काढा. त्यात दिव्याभोवती धूसर पट्टा आला तर काच पुसून पुन्हा काढा, तरीही आला तर ओरखडा आहे.

पुरणपोळी_विथ_कॉफी
बॅटरीचं सोपं आहे, १०० दिसली की नवी, ८०च्या खाली गेली की फोन टाकून द्यायचा. मी तेवढंच बघते.

सोल्डरगन
@पुरणपोळी, ८०चा आकडा बरोबर आहे, पण त्याचा अर्थ फोन संपला असा नाही. बॅटरी बदलायची वेळ झाली, एवढंच. बाकी फोन चांगला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून विकता येतो. आणि १०० बघून भुलू नका. काही दुकानांत जुन्या बॅटरीवरची सर्किटची पट्टी नव्या सेलला जोडतात आणि मशिनवर आकडा १०० करून देतात. चार वर्षं रोज वापरलेला फोन १०० दाखवत असेल तर बॅटरी कधी आणि कुठे बदलली ते विचारा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’मध्ये Unknown Part दिसलं तर विकणाऱ्याने ते आधीच लिहायला हवं.

वाकडा_चमचा
माझ्या आईच्या अँड्रॉइडमध्ये हेल्थचा आकडाच नाही, आता काय लिहू? तिला फोन वॉशिंग मशिनवर ठेवायची सवय आहे, त्याने बॅटरी जाते का?

निवांत७२
मशिनचं माहीत नाही, पण पडेल एक दिवस! मीही असाच फोन विकला. आकडा नव्हता, म्हणून एक दिवस वापरून वेळा लिहून ठेवल्या: ‘सकाळी ८ला १०० टक्के, दोन तास यूट्यूब वायफायवर, थोडे कॉल, संध्याकाळी ५ला ३१.’ आलेल्या काकांना तेच आवडलं. मात्र ३१वरून एकदम बंद पडत असेल तर तेही लिहा. माझा पडायचा, मी लिहिलं नाही, आणि फोन आठवड्याने परत आला.

शेजारचा_सुऱ्या
मी उलट घेताना फसलो. ‘खोका, चार्जर सगळं’ लिहिलेलं. चार्जर कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचा, गरम व्हायचा. आणि खोक्यावरचा आयएमईआय *#06# डायल करून बघितला तर वेगळा! खोका भावाच्या फोनचा निघाला. त्यामुळे काय मूळचं, काय नंतर घेतलेलं, ते वेगवेगळं लिहा.

खिडकीतली_मांजर
हे बरं सांगितलंस. आयफोन १३च्या खोक्यात अडॅप्टर येतच नाही, तरी तिघांनी विचारलं, "ओरिजिनल चार्जर लपवला का?" आता केबल कुठली तेही लिहीन.

पुरणपोळी_विथ_कॉफी
पण एवढं सगळं लिहिलं तर फोनच कोण करणार? केसरेघसुद्धा लिहायची?

सोल्डरगन
माझ्या मते लिहायची. माझ्या भावाच्या मते नाही, तो म्हणतो भेटल्यावर दाखवावी. आमच्या दुकानात यावरून भांडणं झाली आहेत.

वाकडा_चमचा
मांजर, तुमचा गेला का शेवटी?

खिडकीतली_मांजर
गेला, माझ्या अपेक्षेपेक्षा दीड हजाराने कमी. खोक्यात केबल ठेवायची राहिली, ती आज कुरिअरने पाठवतेय.